डाऊनलोड न झालेली मैफल

आठवड्यातले तीन दिवस तो नऊ माणसांना रक्त धुवायला घेऊन जायचा. असं तो स्वतःच सांगायचा. 'डायलिसिस' हा शब्द त्याच्या जिभेवर नीट बसायला दोन वर्षं गेली, आणि तोवर गाडीतल्या सगळ्यांना त्याचाच शब्द आवडू लागला होता.

गाडी एका संस्थेची, पांढरी मिनीबस. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी सहाला निघायची, वाटेतल्या पाच थांब्यांवरून माणसं उचलायची आणि दोन तासांनी शहरातल्या केंद्रावर पोचायची. या दोन तासांतला जवळजवळ एक तास डोंगरातून जायचा आणि तिथे फोनला रेंज अजिबात नसायची. केंद्रावर पोचलं की प्रत्येकाचं वजन व्हायचं, मग एकेकाच्या हातात दोन जाड सुया टोचून त्याला यंत्राला जोडायचे. पुढे चार तास तो हात हलवायचा नाही. केंद्राची खोली तळमजल्यावर, भिंती जाड, खिडक्या उंचावर. तिथेही रेंज येऊन जाऊन एक काडी. केंद्राचं वाय-फाय फक्त तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी होतं. चार तास माणसं छताकडे बघत पडायची, नाहीतर फोनवर व्हिडिओ लावायची आणि पडद्यावरचा तो गोल फिरताना बघत बसायची. अर्ध्या तासात दिवसभराचा डेटा संपायचा, मग पुन्हा छत.

ड्रायव्हर पन्नाशीचा, अंगाने आडवा, तोंडाने चालू. घरी बायको आणि एक मुलगी. मुलगी घरूनच कॉम्प्युटरवर काम करायची, त्यामुळे घरात चांगलं वाय-फाय होतं. संस्थेने गाडीतल्या नोंदींसाठी त्याला एक टॅब दिला होता. नोंदी दिवसाला दहा ओळींच्या. उरलेला वेळ टॅब कप्प्यात पडून असायचा.

या टॅबचं नशीब उघडलं ते एका टँकरमुळे.

टँकर भर रस्त्यात आडवा झाला होता. पुढे रांग, मागे रांग, फोनला रेंज नाही. गाडीत पायांना सूज आलेली माणसं. त्यांना दिवसाला पाणीसुद्धा मोजून प्यावं लागायचं, आणि तास दोन तास इकडे तिकडे झाले तर धाप लागायची. ड्रायव्हरला रस्ता पाठ होता, पण हा एकच. त्याच वेळी त्याला आठवलं, की आठवड्यापूर्वी मुलीने घरी बसून टॅबवर काहीतरी केलं होतं. नकाशा उघडून तिने बोटांनी एक मोठा चौकोन ओढला आणि म्हणाली, "बाबा, या चौकोनात जे आहे ते सगळं आता टॅबमध्ये उतरेल. मग नेट नसलं तरी चालेल. तू कुठे आहेस ते उपग्रहावरून कळतं, त्याला डेटा लागत नाही."

त्याने तेव्हा "बरं बरं" म्हटलं होतं. आता टॅब काढून बघतो तर खरंच, डोंगराच्या हिरव्या पट्ट्यात एक निळा ठिपका उभा, म्हणजे त्यांची गाडी. नकाशाला टँकरचा पत्ता नव्हता. नेट नसताना पुढची कोंडी त्याला कळणार कशी? तो सरळच जा म्हणत होता. पण मागे दोन किलोमीटरवर खाणीकडे जाणारी एक बारीक रेघ दिसत होती, आणि ती रेघ पलीकडे जाऊन मोठ्या रस्त्याला मिळत होती. त्याने गाडी वळवली. टॅबमधली बाई ठणकावून सांगू लागली, "यू-टर्न घ्या." थोड्या वेळाने पुन्हा, "यू-टर्न घ्या."

मागच्या सीटवरून शिंपी ओरडला, "अहो बाई, तुम्ही उतरा आणि बघा एकदा तो टँकर! मग बोला."

शिंपी म्हणजे सत्तरीचा, अंगात हाडं आणि विनोद एवढंच उरलेला माणूस. गाडी हसली. पंचवीस मिनिटं उशिराने ते केंद्रावर पोचले आणि सगळ्यांना पुरेपूर चार तास मिळाले. त्या दिवसापासून ड्रायव्हर म्हणजे मोठा माणूस झाला. मुलीला सांगून त्याने अख्ख्या जिल्ह्याचा नकाशा उतरवून घेतला आणि कोणीही न विचारता तो दाखवायला लागला.

नकाशा उतरतो तर गाणी का नाही, असं शिंप्यानेच विचारलं. मुलीने आपल्या खात्यातून सोय करून दिली. तिचं खातं पैसे भरलेलं होतं, त्यामुळे त्यात डाऊनलोड करता यायचं. तिने बापाला वहीत लिहून दिलं. डाऊनलोड फक्त घरच्या वाय-फायवर, तसं सेटिंग केलंय, ते बदलायचं नाही, नाहीतर तुझ्या फोनचा सगळा डेटा टॅब पिऊन टाकेल. महिन्यातून एकदा तरी टॅब नेटला जोडायचा, नाहीतर उतरवलेलं सगळं बंद पडतं. आणि शेवटचं, दोनदा अधोरेखित केलेलं: काम झालं की विमानाचं चित्र असलेलं बटण दाबून नेट बंद करायचं आणि एकदा चालवून बघायचं. तसं चाललं, तर कुठेही चालेल.

मग रविवारची संध्याकाळ म्हणजे घरात उत्सवच. तो खुर्ची ओढून राउटरजवळ बसायचा, चष्मा लावायचा आणि यादी वाचायचा. किराणा दुकानवाल्या काकूंना जुनी गाणी, शेवटच्या थांब्यावरच्या निवृत्त कारकुनाला बुद्धिबळाचे सामने, शिंप्याला एक विनोदी मालिका, तीही सव्वीस भागांची. टॅब एकच, तो केंद्रावर आळीपाळीने एकाच्या उशाकडून दुसऱ्याच्या उशाशी फिरायचा. बायको म्हणायची, "घरचं सामान आणायला सांगितलं की एक वस्तू विसरता, आणि हे बघा!" तो म्हणायचा, "ही माणसं तिथे चार चार तास खिळलेली असतात. तू पडून बघ एकदा." केंद्रावरच्या सिस्टर म्हणायच्या, की मंगळवारची तुकडी हल्ली घड्याळाकडे बघत नाही. हे ऐकून त्याला काय वाटायचं ते त्याच्या चालण्यात दिसायचं.

बाई मात्र काही मागत नव्हत्या.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. दुसऱ्या थांब्यावर चढायच्या आणि ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीशी बसायच्या. एकट्याच राहायच्या. त्यांचा फोन बटणांचा, नुसता बोलण्यापुरता. सुरुवातीला त्यांच्या पिशवीत कायम पुस्तक असायचं. मग भिंग आलं. मग एक दिवस पुस्तकही नाही आणि भिंगही नाही. साखरेने डोळे खाल्ले होते. चार तास त्या डोळे मिटून पडून राहायच्या. ड्रायव्हरने दोनदा विचारलं, "बाई, तुमच्यासाठी काय आणू?" दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "असू द्या, मला सवय आहे."

आणि एका शनिवारी, परत येताना, बाकीचे पेंगत असताना त्यांनी पुढे वाकून एक चिठ्ठी त्याच्या खांद्यावरून पुढे केली.

"हे मिळेल का तुमच्या त्या यंत्रात? माझ्या एका विद्यार्थिनीने फोनवर सांगितलं. शेजारणीकडून लिहून घेतलंय."

चिठ्ठीवर कुठल्याशा संगीत महाविद्यालयाचं नाव होतं आणि खाली एका व्हायोलिन वाजवणाऱ्याचं.

"हे कोण, बाई?"

"माझा धाकटा भाऊ."

पुढच्या दहा किलोमीटरांत त्यांनी जे सांगितलं ते असं. आई लवकर गेली म्हणून भावाला त्यांनीच वाढवलं. पहिलं व्हायोलिन त्यांनीच आणून दिलं. स्वतःला वाजवता येत नव्हतं, तरी शिकवणीवरून आल्यावर त्याचं बोट तारेवर कुठे पडायला हवं ते त्या बघून बघून शिकल्या आणि त्याच्याकडून तेच करून घेतलं. पुढे तो मोठा वादक झाला, लांबच्या देशात गेला. वडील शेवटचे होते तेव्हा त्यांनी त्याला बोलावलं. त्याचे कार्यक्रम ठरलेले होते. तो आला तो सगळं उरकल्यावर. तेव्हा दारातच त्या म्हणाल्या होत्या, "आता तोंड दाखवू नकोस."

"त्याने ऐकलं," बाई म्हणाल्या. "लहानपणापासून माझं सगळं ऐकायचा. बावीस वर्षं झाली."

ड्रायव्हरने गाडीचा वेग जरा कमी केला.

"आधी ऐकते," त्या म्हणाल्या. "कसा वाजवतो ते बघते. मग तुम्हाला चार ओळींचं पत्र लिहून द्यायला सांगणार आहे. मला आता अक्षर दिसत नाही. पत्ता आहे माझ्याकडे."

"बाई, मंगळवारी तुमच्या कानात वाजेल. शब्द दिला."

रविवारी त्याने शोधलं. मिळालं. दोन तास दहा मिनिटांचा कार्यक्रम, पांढऱ्या केसांचा एक बारीक माणूस खुर्चीवर बसलेला. त्याने ऐटीत सर्वांत चांगली क्वालिटी निवडली, बाईंच्या भावाला का म्हणून कमी द्यायचं! आणि बटण दाबलं. टॅबने सांगितलं, जागा पुरत नाही.

काहीतरी काढावं लागणार होतं. नकाशा काढायचा नव्हता, तो सगळ्यांच्या जिवाचा होता. काकूंची गाणी काढली तर काकू रुसणार. शिंप्याचे सव्वीस भाग सगळ्यात जास्त जागा अडवून बसले होते, त्यातले अकरा त्याने बघितलेले होते. पण शिंपी बघितलेलं पुन्हा बघायचा आणि गाडीभर सांगायचा. त्याच्या तोंडाला लागायची ड्रायव्हरला भीती वाटली. त्याने इकडचं तिकडचं थोडं पुसलं, पुन्हा बटण दाबलं. डाऊनलोडच्या यादीत कार्यक्रमाचं नाव आलं आणि शेजारी एक गोल हळूहळू भरू लागला. तेवढ्यात शेजारी पाण्याचा नळ तुटला म्हणून हाका आल्या आणि तो पाना घेऊन धावला. परत आला तो जेवायला बसला. यादीत नाव होतं, एवढं त्याने झोपायच्या आधी बघितलं. विमानाचं बटण दाबून बघायचं राहिलं.

मंगळवारी बाईंना सुया लागल्या. सिस्टरनी टॅब उशाशी उभा केला, कार्यक्रमाचं चित्र पडद्यावर दिसत होतं त्यावर बोट लावलं, बाईंच्या कानात इअरफोन घातले आणि त्या दुसऱ्या रुग्णाकडे गेल्या. पंधरा मिनिटांनी परत आल्या तर बाई डोळे मिटून, मान जराशी तिरकी करून ऐकत होत्या. पडद्यावर लिहून आलं होतं, डाऊनलोड अपूर्ण.

"बाई, काही ऐकू येतंय का?"

"अजून सुरू नाही झालं," बाई म्हणाल्या. "तो बसल्यावर बराच वेळ गप्प राहतो. पहिल्यापासून."

सिस्टरनी बाहेर येऊन ड्रायव्हरला हे सांगितलं. त्याचे कान तापले. परतीच्या वाटेत तो म्हणाला, "बाई, जरा तांत्रिक घोटाळा झाला. गुरुवारी नक्की." बाई म्हणाल्या, "घाई नाही हो."

बुधवारी मुलगी कामासाठी बाहेरगावी गेली होती, आणि घरातलं वाय-फाय नेमकं बंद पडलं. आता त्याच्या हातात एक उपाय होता. फोनचं नेट टॅबला द्यायचं, ते सेटिंग बदलायचं आणि उतरवून घ्यायचं. त्याने टॅब फोनला जोडून बघितला. पडद्यावर कार्यक्रमाच्या नावाखाली अक्षरं आली: वाय-फायची वाट बघत आहे. फोनवरून आलेलं नेट म्हणजे मोजून मापून वापरायचं, असंच टॅब धरून चालला होता, मुलीने सेटिंग तसंच करून ठेवलं होतं. तो दोन मिनिटं त्या अक्षरांकडे बघत बसला. बदलावं का? दिवसाचा डेटा दीड जीबी, आणि हा कार्यक्रम जवळजवळ दोन. अर्ध्यात संपणार, आणि आपल्याला संध्याकाळी बातम्यासुद्धा बघता येणार नाहीत. जाऊ दे, रविवार काही लांब नाही, असं म्हणून त्याने टॅब मिटला.

गुरुवारी त्याने बाईंना आपणहून काही सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही.

शनिवारी मात्र त्या गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवूनच थांबल्या. "आज आहे का हो ते?"

गाडीत सगळे जागे होते. शिंपी मागून म्हणाला, "आमची मालिका येते, काकूंची गाणी येतात, बाईंचंच बरं अडतं! ड्रायव्हरसाहेब, मास्तरणीला अजून घाबरता काय?"

सगळे हसले. शिंप्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ड्रायव्हरला ते लागलं. ज्या गोष्टीसाठी आपलं नाव झालं त्याच गोष्टीत आपण सगळ्यांसमोर तोंडावर पडलो, असं त्याला वाटलं. आणि वेळ मारून न्यायला त्याच्या तोंडून निघून गेलं, "अहो, मी काय करणार? तो व्हिडिओ काढून टाकलाय तिथून. आता मिळतच नाही."

बाई पायरीवरच उभ्या होत्या. "काढला? कोणी?"

"ज्यांचा होता त्यांनीच काढला असणार. दुसरं कोण काढणार?"

त्याने हे नुसतं वाक्य पुरं करायला म्हटलं होतं. पण बाईंचा चेहरा त्याने आरशात बघितला आणि आपण काय बोललो ते त्याला कळलं. त्या सावकाश आत आल्या, आपल्या जागी बसल्या, पिशवी मांडीवर घेतली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "त्या विद्यार्थिनीने त्याला कळवलं असेल, बाईंना सांगितलंय म्हणून. त्याला नको असेल मी ऐकलेलं."

"नाही नाही, बाई, तसं नसेल..."

"असू द्या. मीच म्हटलं होतं."

हा क्षण होता. तेव्हा गाडी बाजूला घेऊन मागे वळायचं आणि म्हणायचं, बाई, मी थाप मारली. चार शब्द. पण मागे माणसं ऐकत होती, आणि त्याने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. दुपारी सांगू, एकट्या असताना, असं तो मनाशी म्हणाला. परतताना त्यांच्या थांब्यावर तो दार उघडायला खाली उतरला, तोंड उघडलंसुद्धा. त्याआधी बाईच म्हणाल्या, "ते पत्राचं राहू द्या बरं का. उगीच तुम्हाला त्रास."

तो म्हणाला, "सावकाश जा, बाई. पायरी आहे."

रविवारी मुलगी घरी आली, वाय-फाय सुरू झालं. त्याने जेवायच्या आधी टॅब तिच्यासमोर ठेवला आणि फक्त एवढंच सांगितलं, की बाईंना ऐकायचा हा एक कार्यक्रम काही केल्या उतरत नाही. तिने बघितलं. "बाबा, एवढ्या मोठ्या क्वालिटीत कशाला? कमी क्वालिटी घेतली की पाव जागेत बसतो. त्यांना ऐकायचंच आहे ना?"

"त्यांना दिसत नाही," तो म्हणाला.

"मग तर झालंच."

तिने क्वालिटी बदलली. वीस मिनिटांत कार्यक्रम उतरला. काही पुसावंसुद्धा लागलं नाही. म्हणजे बुधवारी फोनच्या नेटवरही तो उतरला असता, आणि वर बातम्यांपुरता डेटा उरला असता. त्याने विमानाचं बटण दाबलं, चालवून बघितलं. व्हायोलिनचा पहिला सूर खोलीत आला. त्याच्या डोक्यात वाक्य तयार होतं: बाई, त्यांनी परत टाकला बघा! पुन्हा एक थाप, पण चांगली. एका थापेने दुसरी पुसली जाईल, असा त्याचा हिशेब होता.

मंगळवारी दुसऱ्या थांब्यावर बाई नव्हत्या. त्यांची शेजारीण उभी होती, पदर डोक्यावर घट्ट ओढून. तिला बघताच त्याने हॉर्न वाजवायला उचललेला हात खाली घेतला.

"काल दुपारी गेल्या," ती म्हणाली. "छातीत कळ आली. गाडी बोलवेपर्यंत संपलं."

गाडी थांबवता येत नव्हती, बाकीच्यांची वेळ ठरलेली होती. शिंप्याने मालिका लावली नाही. केंद्रावर सगळ्यांना उतरवल्यावर ड्रायव्हरने गाडी कुंपणाच्या सावलीत लावली, टॅब काढला आणि इअरफोन कानात घातले. त्याला संगीतातलं काही कळत नव्हतं. तरी तो दोन तास दहा मिनिटं जागचा हलला नाही. तो ऐकत होता ते एकाच आशेने, की मध्ये कुठेतरी तो माणूस आपल्या बहिणीबद्दल काहीतरी बोलेल. तो माणूस सुरुवातीला खरंच बराच वेळ गप्प बसला होता. मग वाजवत राहिला. मध्ये एकदा खोकला, पाणी प्यायला, साथीदाराची ओळख करून दिली. शेवटी उभा राहून वाकला. बहिणीचं नाव कुठेच नव्हतं.

दहा दिवसांनी बाईंचा भाऊ आला. बाईंची खोली रिकामी करायला. शेजारणीनेच त्याला गुरुवारी दुपारी थांब्यावर उभं केलं, म्हणाली, "त्यांच्याशी शेवटी शेवटी जास्त बोलणं यांचंच व्हायचं." गाडी रिकामी झाली होती. ड्रायव्हरने त्याला आत घेतलं, आणि तो आपणहून बाईंच्याच जागेवर बसला.

चित्रात दिसला होता त्याहून तो म्हातारा होता. म्हणाला, "ताई माझ्याबद्दल कधी बोलली का?"

खोटं बोलायला ही जागा फार सोपी होती. बोलायच्या हो, नेहमी, अभिमानाने. तो माणूस समाधानाने गेला असता. ड्रायव्हरने स्टिअरिंगवर हात ठेवले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. चिठ्ठी, पत्राचं बोलणं, पुरली नाही ती जागा, पंधरा मिनिटं कानात इअरफोन घालून ऐकलेली शांतता. आणि पायरीवर बोललेलं ते वाक्य, होतं तसं.

भाऊ ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "म्हणजे तिला वाटलं मी काढला."

"हो."

"तो माझ्या हातात नव्हताच. कॉलेजने टाकलाय. मला तर त्यातलं काही करताही येत नाही." मग म्हणाला, "तिला नको वाटेल म्हणून मी कधी कळवलं नाही. तिने ऐकावं असं..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"मला माफ करा," ड्रायव्हर म्हणाला.

भावाने त्याला माफ केलं असंही म्हटलं नाही आणि दोषही दिला नाही. त्याने विचारलं, "तिचा आवाज कसा झाला होता?"

ड्रायव्हरने आठवून बघितलं. "हळू बोलायच्या. पण वाक्याचा शेवटचा शब्द गिळायच्या नाहीत. पूर्ण म्हणायच्या."

"हो," भाऊ म्हणाला. "वर्गात मागच्या मुलापर्यंत जायला हवा म्हणायची." त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि उतरून गेला. पुढे त्याचं काही कळलं नाही.

घरी ड्रायव्हरने बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्या दुखावल्या मनाने गेल्या नसतील हो, एवढं मनाला लावून घेऊ नका." त्याला ते पटलं नाही. पटलं नाही म्हणून तो तिच्यावरच चिडला, आणि मग त्याचंही त्याला वाईट वाटलं.

टॅब त्याने बंद केला नाही. बंद करून कोणाचं भलं होणार होतं? रविवारी तो अजूनही राउटरजवळ बसतो. फरक एवढाच, की आता एखादी गोष्ट उतरली नाही तर सोमवारीच फोन करून सांगतो, "तुमचं झालं नाही, माझ्याकडून राहिलं." लोकांना ते विचित्र वाटतं. एका गाण्यासाठी कोण फोन करतं?

दोन महिन्यांनी एका शनिवारी शिंपी केंद्रावरून फार थकून आला. मागे न जाता पुढे, खिडकीशी बसला. बोलता बोलता बाईंचा विषय निघाला आणि शिंपी म्हणाला, "भाऊ पण काय माणूस! बहीण ऐकेल म्हणून व्हिडिओ काढला."

ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. मागे वळून त्याने सगळ्यांना सांगितलं, की व्हिडिओ कोणीही काढला नव्हता. जागा नव्हती, म्हणजे आहे असं मला वाटलं नाही, आणि तुमच्यासमोर लाज वाटली म्हणून मी खोटं बोललो.

काकू खिडकीबाहेर बघू लागल्या. कारकुनाने घसा साफ केला. शिंपी पुढे वाकला.

"जागा कशाने अडली होती?" त्याने विचारलं.

"तुमच्या मालिकेने."

"मला विचारलं का नाहीस?" शिंपी म्हणाला. आजवर तो ड्रायव्हरला गमतीने साहेब म्हणत आला होता, आज पहिल्यांदा अरे म्हणाला. "अरे, मी अख्खी काढ म्हटलं असतं. एका शब्दावर काढ म्हटलं असतं. ती मालिका काही इतकी चांगली नव्हती रे."

ड्रायव्हरला खरंच वाटलं होतं की शिंपी रागावेल. त्याने कोणालाच विचारलं नव्हतं. पुढून एक ट्रक हॉर्न देत आला, तशी त्याने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.